पॉवर बँक घेताना १०००० आकडा बघून फसू नका, खालची बारीक ओळ वाचा

मागच्या महिन्यात माझा मामेभाऊ राजारामपुरीतनं १०००० एमएएचची पॉवर बँक घेऊन आला, फोन त्याचा ५००० चा, म्हणजे दोनदा फुल होणार असा सरळ हिशोब. महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला जाऊन आला आणि आल्या आल्या मला म्हणतोय, "दादा, फसवलं की रं दुकानदारानं, एकदा फुल झाला आणि दुसऱ्यांदा ३५ टक्क्यांवरच बंद पडली."

फसवलं नव्हतं. चूक भागाकारात होती, आणि ही चूक लई जण करतात.

तो मोठा १०००० आकडा आतल्या सेलचा असतो, आणि सेल असतो ३.७ व्होल्टचा. पण साध्या यूएसबीतनं बाहेर येतात ५ व्होल्ट. मग आतलं सर्किट व्होल्टेज वाढवतं, आणि व्होल्टेज वाढलं की तेवढ्याच ऊर्जेत एमएएच कमी भरणारच, त्यात सर्किट गरम होतं ती ऊर्जा वाया जाते ती वेगळीच. म्हणून एमएएचला एमएएचनं भागायचंच नाही, वॉट अवर काढायचे: एमएएच गुणिले व्होल्ट, भागिले १०००.

त्याची पॉवर बँक उलटी केली. मागं राखाडी अक्षरात, नखाएवढ्या जागेत, दोन ओळी होत्या. एक, १०००० एमएएच, ३.७ व्होल्ट, ३७ वॉट अवर. दुसरी रेटेड कपॅसिटी, ५८०० एमएएच, ५ व्होल्ट २ अँपिअरला. आपल्या कामाची ही दुसरी, कारण ती बाहेर मिळणारी ऊर्जा सांगते: ५८०० गुणिले ५ म्हणजे २९ वॉट अवर. फोनची बॅटरी ५००० एमएएच, ३.८७ व्होल्ट, म्हणजे साधारण १९, पण चार्ज होताना फोनपण गरम होतोच, म्हणून २२ धरा. २९ भागिले २२, साधारण १.३. भावानं ५ टक्क्यांवरून १०० केला आणि नंतर शून्यापासनं ३५, बेरीज १.३ च येते की!

दुकानात विचारताना पण "किती एमएएच" विचारू नका, "रेटेड किती लिहिलंय" विचारा. ती ओळच नसेल तर मी तरी घेणार नाही.

आणि यूएसबी मीटर लावून चेक करणाऱ्यांची अजून एक चूक होते. फास्ट चार्जिंगला ९ व्होल्ट चालू असतील तर हीच चांगली पॉवर बँक मीटरवर फक्त ३२०० एमएएचच्या आसपास दाखवते आणि माणूस घाबरून परत करायला पळतो. मीटरवर वॉट अवरचा आकडा बघा. पॉवर बँक आधी फुल करा, मग आपोआप बंद होईपर्यंत चालवा, मधी थांबू नका. २७-२८ आले तर माल ठीक आहे, १८-२० वरच थांबली तर सेल कमी भरलेत किंवा खराब झालेत, वॉरंटी असेल तोवर बदलून घ्या.