रोज जेवणाच्याच वेळेला वायफाय जातंय? आधी हे तपासा

दिवसभर नेट मस्त चालतं आणि दुपारी दीड-दोन, रात्री साडेआठ-नऊ वाजले की बोंबलतं, असं होऊन राहिलं असेल तर कंपनीला शिव्या द्यायच्या आधी स्वयंपाकघरात डोकावून बघा.

सगळ्यात आधी दोष लाइनचा आहे की घरातल्या हवेतला ते ठरवायचं. लॅपटॉप वायफायवरच ठेवा (वायर लावू नका) आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ही कमांड चालू करून द्या, राउटरचा पत्ता वेगळा असला तर तो खालच्या स्टिकरवर असतो:

```
ping -t 192.168.1.1
```

नेट गेलं तेव्हाही इथे time पुढचे आकडे नेहमीसारखेच छोटे येत असतील तर घोळ बाहेरचा, मग करा फोन. पण आकडे शेकड्यात गेले किंवा Request timed out दिसलं तर घोळ घरातच.

आता मायक्रोवेव्हमध्ये ग्लासभर पाणी ठेवून एक मिनिट चालवा, रिकामा नका चालवू. मनीषनगरात माझ्या मावशीकडे राउटर फ्रिजवर आणि बाजूलाच मायक्रोवेव्ह, तिथे बटण दाबताच पिंग तुटला आणि टिंग वाजल्यावर आपोआप सरळ झाला. कारण असं की मायक्रोवेव्ह 2.45 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, दारातून त्याच्या लहरी थोड्याफार बाहेर येतातच, आणि राउटरने ऑटोमध्ये 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला चॅनल 9 धरलेला, म्हणजे 2452 मेगाहर्ट्झ, बरोब्बर त्याच्याच तोंडाशी.

पण रात्री नऊला मायक्रोवेव्ह बंद असतानाही अडकायचं! अँड्रॉइडवरच्या वायफाय अ‍ॅनालायझरमध्ये पाहिलं तर शेजाऱ्यांचे राउटर 6 आणि 11 वर, आणि सगळे त्याच वेळी व्हिडिओ बघत बसलेले. एक चॅनल 20 मेगाहर्ट्झ रुंद, पण दोन चॅनलमधलं अंतर फक्त 5, त्यामुळे 9 वाला दोन्हीकडून भरडला जातो. एकाच चॅनलवरचे राउटर निदान एकमेकांचं ऐकून पाळीपाळीने बोलतात, अर्धवट चढलेल्यांचा मात्र नुसता गोंगाट. म्हणून 1, 6, 11 यांपैकीच निवडा, मधले नको.

मावशीच्या राउटरमध्ये लॉगिन करून 2.4 च्या सेटिंगमध्ये ऑटो काढलं, चॅनल 1 आणि रुंदी 20 केली, कारण 1 मायक्रोवेव्हपासून त्यातल्या त्यात लांब पडतो. राउटर हॉलमध्ये उंचावर नेला आणि टीव्ही, लॅपटॉप राउटरच्या दुसऱ्या, 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर टाकले, तिथे मायक्रोवेव्हचा त्रासच नाही. 5 वाला भिंतीत लवकर मरतो, त्यामुळे मागच्या खोलीतला मोबाइल 2.4 वरच राहू दिला.

मिक्सर लावल्यावर जर राउटरचे सगळे लाइट विझून परत लागत असतील तर चॅनल बदलून काही होणार नाही, तो व्होल्टेजचा किंवा ढिल्या प्लगचा मामला आहे, राउटरला वेगळं सॉकेट द्या. आणि उन्हाळ्यात हॉलमध्ये कूलर बसवला की राउटर त्याच्या मागे जाऊ देऊ नका, पत्र्याची बॉडी अन् आत पाण्याने भिजलेला वाळा, सिग्नल निघणार कुठून बाप्पा!