‘करण्यात येईल’ला कात्री: कर्मणी वाक्य कर्तरी कधी करावे, कधी तसेच ठेवावे

जुळे सोलापुरातल्या कुठल्याही सोसायटीच्या फलकावर शोभेल अशी ही सूचना मी नमुन्यासाठी तयार केली आहे:

‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, इमारतीच्या वरच्या टाकीची साफसफाई रविवारी करण्यात येणार असून सकाळी आठ ते दुपारी दोन या वेळेत पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल. तरी सभासदांकडून आवश्यक पाण्याचा साठा शनिवारी रात्रीच करून ठेवण्यात यावा.’

शब्द ३४. तरीही टाकी कोण धुणार, याचा पत्ता नाही.

आधी शेपटी शोधा. मराठीत लांबण लावणारी कर्मणी रचना क्रियापदाच्या शेपटीवरून ओळखू येते: ‘करण्यात आले’, ‘ठेवण्यात येईल’, ‘केले जाते’. सोबत ‘कडून’, ‘द्वारे’, ‘मार्फत’ असतील तर शंकाच नको. मजकूर संगणकावर असेल तर आधी ‘ण्यात’ शोधा, मग ‘जाते’, ‘गेले’ अशी रूपे. अधूनमधून ‘पाण्यात’ही सापडेल, तो सोडून द्या.

इथे शाळेतले व्याकरण आठवून गोंधळू नका. ‘रखवालदाराने टाकी धुतली’ हाही व्याकरणात कर्मणी प्रयोगच, कारण क्रियापद टाकीप्रमाणे चालते. पण त्यात कर्ता समोर आहे आणि वाक्य आखूड आहे, त्याला हात लावायचे कारण नाही. आपल्याला हवी आहे ती ‘रखवालदाराकडून टाकी धुतली गेली’ ही जात.

मग ‘कोण?’ विचारा. टाकी धुणार ठेकेदाराची माणसे. पाणी भरणार सभासद, म्हणजे सूचना वाचणारे. वाचणाराच कर्ता असेल तर सरळ आज्ञार्थ वापरा: ‘भरून ठेवा’. ‘ठेवण्यात यावा’ने आदर वाढत नाही, फक्त अंतर वाढते.

नामात अडकलेले क्रियापद सोडवा. खरी बचत इथे होते. ‘साफसफाई करण्यात येणार’मधले काम ‘धुणे’ आहे, ‘साठा करून ठेवणे’मधले ‘भरणे’. नुसता कर्ता आणून ‘ठेकेदाराची माणसे टाकीची साफसफाई करणार आहेत’ असे लिहिले, तर वाक्य कर्तरी होते, पण फारसे आखूड होत नाही.

‘पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल’साठी मराठीत तिसरी वाट आहे: ‘नळाला पाणी येणार नाही’. कोण बंद ठेवणार हे सांगायची गरजच उरत नाही. सूचना आता अशी होते:

‘रविवारी ठेकेदाराची माणसे वरची टाकी धुणार आहेत. सकाळी आठ ते दुपारी दोन नळाला पाणी येणार नाही. लागेल तेवढे पाणी शनिवारी रात्रीच भरून ठेवा.’

शब्द २३, आणि टाकी कोण धुणार हेही कळले.

ही तिसरी वाट मात्र जपून वापरा. ‘गच्चीचे कुलूप तोडण्यात आले’ याचे ‘कुलूप तुटले’ केले, तर शब्द वाचतो आणि अर्थ जातो. पहिल्यात कुणीतरी तोडले आहे, दुसऱ्यात गंजूनही तुटले असेल. कुणी तोडले ते ठाऊक नाही, पण तोडले हे नक्की, अशा वेळी कर्मणीच बरोबर. उगाच ‘अज्ञात व्यक्तीने’ घालून कर्तरी करण्यात काय हशील?

कर्मणी ठेवावी असे दुसरे ठिकाण म्हणजे, ज्याच्यावर क्रिया घडली तोच लेखाचा विषय असतो तेव्हा. सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर लिहिताना ‘मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली’ हे वाक्य तसेच असू द्या. इथे ‘ब्रिटिश सरकारने’ पुढे आणले, तर नजर त्या चौघांवरून हलते. पण त्याच लेखात ‘१९३० साली सोलापुरात मार्शल लॉ पुकारण्यात आला’ असे आले, तर माझी लेखणी थांबते. तिथे ‘कोणी’ हाच मुद्दा आहे. ‘ब्रिटिश सरकारने १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ पुकारला’ असे सरळ लिहावे. घटना एकाच साखळीतल्या, पण एकीत कर्ता झाकलेला चालतो, दुसरीत चालत नाही.

तिसरे ठिकाण थकबाकीच्या चिठ्ठीचे. ‘तुम्ही दोन महिन्यांचे देखभाल शुल्क भरलेले नाही’ हे आखूड आहे, पण बोट रोखते. पैसे बँकेत अडकले असतील, पावती नोंदवायची राहिली असेल. पहिल्या चिठ्ठीत ‘दोन महिन्यांचे शुल्क भरले गेलेले दिसत नाही’ असेच लिहावे. चौकशी होऊनही पैसे आले नाहीत, तर दुसऱ्या चिठ्ठीत ‘तुम्ही’ आणायला हरकत नाही.