वर्गण्यांचा तक्ता आणि बँकेचा हिशेब जुळत नाही? या चुका टाळा

मुलुंडच्या आमच्या घरातील दर महिन्याला, दर तिमाहीला किंवा वर्षातून एकदा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांची नोंद मी गूगल शीट्समध्ये ठेवतो. 2025 साल संपल्यावर त्या तक्त्यातील वार्षिक बेरीज ₹24,351 दिसत होती, तर बँकेच्या खातेउताऱ्यावर खुणा करत त्याच देयकांची बेरीज केली तेव्हा ती ₹30,363 निघाली. ₹6,012 चा हा फरक कुठून आला, हे शोधताना ज्या चुका सापडल्या त्या बहुतेक सगळ्या घरगुती तक्त्यांत थोड्याफार फरकाने असतात, म्हणून त्या ज्या क्रमाने सापडल्या त्याच क्रमाने येथे मांडत आहे.

पहिली चूक दोन मिनिटांत सापडली. ऑनलाइन साठवणुकीच्या वार्षिक वर्गणीची रक्कम मी सवयीने `1300/-` अशी लिहिली होती. चेकवर आणि पावतीवर ही पद्धत योग्य असली, तरी शीटच्या दृष्टीने तो आकडा नसून मजकूर असतो, आणि `SUM` मजकूर मुकाट्याने वगळते. चूक झाल्याचा इशारासुद्धा देत नाही. ओळखण्याची खूण साधी आहे. आकडे आपोआप चौकटीच्या उजव्या कडेला सरकतात आणि मजकूर डाव्या कडेला राहतो, त्यामुळे स्तंभाला हाताने मध्यभागी किंवा डावीकडे लावून सुबक करण्याच्या मोहात पडू नये. शंका असल्यास, रक्कम E2 मध्ये असेल तर, बाजूच्या चौकटीत `=ISNUMBER(E2)` लिहावे आणि जिथे `FALSE` येईल तिथे फक्त आकडा पुन्हा टाइप करावा. ₹ हे चिन्ह चौकटीच्या फॉरमॅटमधून द्यावे. यातून ₹1,300 चा हिशेब लागला.

दुसरी चूक रकमेच्या अर्थाची होती. ब्रॉडबँडच्या जाहिरातीत महिना ₹799 लिहिले होते आणि मीही तेच लिहिले. प्रत्यक्षात त्यावर 18 टक्के जीएसटी लागून दर महिन्याला ₹942.82 जात होते, म्हणजे वर्षाला सुमारे ₹1,726 जास्त. तक्त्यात नेहमी खात्यातून गेलेली रक्कम लिहावी, जाहिरातीतील किंवा ॲपच्या पहिल्या पानावरील नव्हे. याच प्रकारातील एक फसवी जागा म्हणजे यूपीआय ऑटोपेची मर्यादा. मँडेट मंजूर करताना पडद्यावर जी कमाल रक्कम दिसते, ती सेवा देणाऱ्याला एका वेळी जास्तीत जास्त किती कापता येईल हे सांगते. दरमहा तेवढीच रक्कम जाईल असा तिचा अर्थ नाही. ₹199 च्या वर्गणीसाठी बरीच मोठी मर्यादा मागितलेली असू शकते, आणि ती पाहून तक्ता भरला तर बेरीज उगाच फुगते.

नूतनीकरणाची खरी रक्कम कळण्याचा विश्वासार्ह मार्ग म्हणजे पैसे कापण्यापूर्वी येणारा संदेश. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्ड किंवा यूपीआयवरील आवर्ती देयकाची सूचना, काही मोजके अपवाद सोडता, किमान 24 तास आधी मिळाली पाहिजे, आणि तिच्यात रक्कम व तारीख दोन्ही असतात. ₹15,000 पर्यंतची देयके ओटीपीशिवाय जातात. विमा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाच्या बिलासाठी ही मर्यादा 1 लाख रुपये आहे. घरातील जवळपास प्रत्येक वर्गणी ₹15,000 च्या आत बसते, त्यामुळे तो संदेश नजरेतून सुटला तर पुढे आपल्याला कोणीही काही विचारत नाही.

माझ्या नजरेतून असाच एक सुटला, आणि त्यामागे तारखेची चूक होती. चित्रपट-मालिकांच्या एका सेवेची वर्गणी पहिल्या वर्षी सवलतीत ₹999 ला मिळाली होती, आणि 5 डिसेंबरला नूतनीकरण होण्याआधी ती बंद करण्याचा विचार होता. तक्त्यात मी `05/12/2025` लिहिले. शीटचे लोकेल, म्हणजे तारखा कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायच्या ते ठरवणारी सेटिंग, मात्र `United States` राहिले होते, म्हणून शीटने ती तारीख 12 मे अशी वाचली. देय तारीख जवळ आली की ओळ लाल होईल अशी सोय मी तक्त्यात केली होती. मे महिन्यात ती ओळ लाल झाली, तेव्हा काहीतरी गडबड असेल असे म्हणून मी रंग काढून टाकला; डिसेंबरमध्ये अर्थातच काहीही लाल झाले नाही आणि ₹1,499 कापले गेले. त्याखालच्या ओळीतील `25/12/2025` तर तारीख म्हणून वाचलीच गेली नव्हती, कारण पंचविसावा महिना नसतो. ती मजकूर बनून डाव्या कडेला पडून होती. अशा तक्त्यात निम्म्या तारखा चुकीच्या आणि निम्म्या निर्जीव असतात, आणि वरवर पाहता सगळ्या एकसारख्याच दिसतात.

यावर उपाय म्हणजे `File > Settings > Locale` मध्ये `India` निवडणे. पण तेवढ्याने भागत नाही, कारण आधीच चुकीची वाचली गेलेली तारीख आतून 12 मेच राहते, फक्त दिसण्याचा क्रम बदलतो. म्हणून जुन्या तारखा पुन्हा टाइप कराव्या लागतात, आणि स्तंभाला `dd-mmm-yyyy` असा फॉरमॅट द्यावा, म्हणजे महिना अक्षरांत दिसतो आणि चूक लगेच डोळ्यांत भरते.

तारखेची दुसरी चूक सूत्रातून येते. पुढची देय तारीख काढताना बहुतेक जण मागच्या देय तारखेत एक महिना मिळवतात. 31 जानेवारीला सुरू झालेल्या वर्गणीची पुढची तारीख त्यामुळे 28 फेब्रुवारी येते, जी बरोबर आहे; पण त्यानंतर 28 मार्च, 28 एप्रिल असे कायमचे दोन-तीन दिवस मागे राहते. त्याऐवजी प्रत्येक वेळी मूळ तारखेपासून मोजावे. माझ्या तक्त्यात B मध्ये पहिल्यांदा पैसे गेल्याची तारीख, C मध्ये अंतराचा आकडा, D मध्ये `दिवस` किंवा `महिने`, E मध्ये रक्कम आणि F मध्ये आतापर्यंत किती वेळा पैसे गेले ती संख्या आहे. वार्षिक वर्गणीसाठी C मध्ये 12 आणि D मध्ये `महिने` लिहितो. पुढची तारीख अशी निघते:

```
=IF(D2="दिवस", B2+C2*F2, EDATE(B2, C2*F2))
```

F मधील संख्या हाताने वाढवावी लागते, ही अनेकांना कटकट वाटते, म्हणून `TODAY()` वापरून तारीख आपोआप पुढे ढकलणारी सूत्रे लोकप्रिय आहेत. मी ती मुद्दाम टाळतो. खात्यात शिल्लक कमी असल्याने एखादे देयक परत गेले, तर आपोआप सरकणारी तारीख दुसऱ्याच दिवशी पुढच्या महिन्यावर जाऊन बसते आणि चुकलेला हप्ता तक्त्यातून नाहीसा होतो. हाताने वाढवायची संख्या मात्र पैसे खरोखर गेल्याचे पाहिल्याशिवाय वाढत नाही, त्यामुळे थकलेली ओळ थकलेलीच दिसते. प्रीपेड फोनसारख्या ठिकाणी मुदत संपल्यावर उशिरा रिचार्ज केल्यास मात्र मोजणीच नव्याने सुरू होते. तेव्हा B मध्ये नवी तारीख टाकून F मध्ये 1 लिहावे.

फोनचीच चूक सर्वांत जास्त घरांत आढळते. माझ्या आणि आईच्या फोनचा ₹349 चा रिचार्ज 28 दिवसांचा आहे, आणि मी तो महिन्याचा समजून बाराने गुणला होता, म्हणजे प्रत्येकी ₹4,188. पण 28 दिवसांच्या हिशेबाने 365 दिवसांत तेरा रिचार्ज बसतात: 5 जानेवारी 2025 ला पहिला केला, तर तेरावा 7 डिसेंबरला येतो. दोन फोनांचे मिळून ₹698 येथे राहून गेले होते. पहिला रिचार्ज 1 जानेवारीला केला असता तर चौदावाही 31 डिसेंबरला त्याच वर्षात पडला असता. दर महिन्याला त्याच तारखेला येणारा किमान एक प्लॅन प्रत्येक कंपनीने ठेवावा असा आदेश ट्रायने 2022 मध्ये काढला आहे. फोनचा हिशेब सोपा करायचा असेल तर तो प्लॅन मागून घ्यावा, मात्र आधी दर पडताळून पाहावा.

येथेच वार्षिक बेरजेतील एक मूलभूत घोटाळा उघड होतो. वर्षाचा खर्च म्हणून दोन वेगळे आकडे असतात. एक म्हणजे या वर्गणीचा वर्षाला पडणारा दर, जो दोन प्लॅनची तुलना करण्यासाठी लागतो आणि असा निघतो:

```
=IF(D2="दिवस", E2*365/C2, E2*12/C2)
```

₹349 च्या रिचार्जसाठी हे उत्तर ₹4,549 येते. दुसरा आकडा म्हणजे त्या वर्षात खात्यातून प्रत्यक्ष गेलेले पैसे, जे तेरा रिचार्जांमुळे ₹4,537 होते आणि दुसऱ्या एखाद्या वर्षी चौदा रिचार्ज पडल्यास ₹4,886 होतील. पहिला आकडा खातेउताऱ्याशी तंतोतंत जुळेलच असे नाही, आणि तो जुळवण्यासाठी झगडूही नये. प्रत्यक्ष खर्चासाठी दुसऱ्या पानावर प्रत्येक कपातीची तारीख, नाव आणि रक्कम यांची नोंद ठेवावी व बेरीज तिथून घ्यावी.

आतापर्यंत ₹1,300, ₹1,726, नूतनीकरणातील वाढीचे ₹500 आणि फोनचे ₹698 असे ₹4,224 सापडले होते. उरलेले ₹1,788 म्हणजे बारा वेळा ₹149. हे एका छायाचित्र-संपादनाच्या ॲपचे होते, जे मी आदल्या वर्षीच फोनवरून काढून टाकले होते. ॲप काढल्याने वर्गणी थांबत नाही, हे ऐकून माहीत असले तरी ती नोंद तक्त्यात नव्हती, कारण तक्ता मी आठवणीतून भरला होता. तक्ता भरण्यासाठी चार ठिकाणे उघडून पाहावी लागतात: प्रत्येक यूपीआय ॲपमधील ऑटोपेची यादी, कार्ड देणाऱ्या बँकेच्या साइटवरील आवर्ती सूचनांची यादी, फोनच्या ॲप स्टोअरमधील वर्गण्या, आणि बँक खात्यावरील नॅच मँडेट, म्हणजे खात्यातून थेट रक्कम कापण्याची आपण दिलेली परवानगी. एका ठिकाणची यादी दुसऱ्या ठिकाणी दिसेलच असे नाही, आणि माझे हे ₹149 ॲप स्टोअरमार्फत जात असल्याने खातेउताऱ्यावर त्या ॲपचे नाव कुठेच नव्हते, फक्त स्टोअरचे होते. म्हणून मी आता तक्त्यात G हा आणखी एक स्तंभ ठेवला आहे, ज्यात पैसे कोणत्या वाटेने जातात आणि खातेउताऱ्यावर कोणते नाव उमटते, एवढेच लिहिलेले असते.