सर्व्हसेफ मॅनेजरची परीक्षा: चार आठवड्यांच्या उजळणीत या चुका टाळा

अमेरिकेतल्या किचनमध्ये दहा-दहा वर्षं काढलेले कुक सर्व्हसेफ मॅनेजर या अन्नसुरक्षेच्या परीक्षेत अडकतात. हात चांगला असतो, पण पेपर सोडवताना डोक्यात ‘आमच्याकडे असं करतात’ हेच चालू असतं, आणि पेपर विचारतो नियमात काय आहे ते. एकूण ९० प्रश्न, वेळ दोन तास. त्यातले १० प्रश्न चाचपणीपुरते असतात, ते मोजत नाहीत; पण ते कोणते, हे कळत नाही. उरलेल्या ८० मध्ये ७० टक्के, म्हणजे ५६ उत्तरं बरोबर हवीत.

पहिली चूक पहिल्याच दिवशी होते: पुस्तक पान एकपासून वाचायला घेणं. दहा तासांच्या शिफ्टनंतर तिसऱ्या पानावर डोळा लागतो आणि आठवडा जातो. त्याऐवजी आधी एक सराव पेपर न वाचताच सोडवा. चुकलेली उत्तरं तीन ढिगांत वाटा: आकडा माहीतच नव्हता, दोन आकड्यांत गल्लत झाली, प्रश्नातलं इंग्रजी नीट वाचलं नाही. तिसरा ढीग बहुतेकांच्या अंदाजापेक्षा मोठा निघतो. अभ्यास शिफ्टच्या आधी अर्धा तास करा. सुट्टीच्या दिवशी दोन तास.

पहिला आठवडा तापमानांचा. इथे जुनं शिक्षण आडवं येतं. जंतू वाढतात तो धोक्याचा पट्टा भारतात शिकलेल्याच्या डोक्यात ‘पाच ते साठ’ असा पक्का बसलेला असतो. साठ सेल्सिअस म्हणजे १४० फॅरनहाइट. सर्व्हसेफच्या पेपरात मात्र धोक्याचा पट्टा ४१ ते १३५ फॅरनहाइट आहे. त्यात न्यू जर्सीत राहणारे नदीपलीकडच्या न्यू यॉर्क शहराचे व्हिडिओ बघून अभ्यास करतात. त्या शहराची परीक्षा वेगळी आहे आणि तिथे गरम पदार्थ १४० वर ठेवायचा नियम आहे. दोन्ही साहित्य एकत्र वाचलं की हमखास गोंधळ होतो. आपली परीक्षा कोणती ते ठरवा आणि दुसरीचं साहित्य महिनाभर बंद ठेवा.

शिजवण्याचे आकडे कोरडे पाठ करू नका, रोजच्या पदार्थांना चिकटवा. चिकन टिक्का १६५. मटणाच्या खिम्याचा सीख कबाब १५५, पण खिमा चिकनचा असेल तर पुन्हा १६५. मासा आणि लॅम्ब चॉप १४५. गरम ठेवून वाढायची भाजी, भात, डाळ १३५. थर्मामीटर रोज स्वतः तपासा: ग्लासभर बर्फाचा चुरा, वर थोडं पाणी, दांडी मध्यभागी, काचेला न टेकवता, अर्धा मिनिट. काटा ३२ वर यायला हवा. चार दिवस हाताने केलं की त्यावरचा प्रश्न चुकत नाही.

दुसरा पूर्ण आठवडा शिजलेलं अन्न थंड करण्याला द्या. सगळ्यात जास्त मार्क इथे जातात, असं आमचं मत आहे, कारण नियम सोपा वाटतो. १३५ वरून ७० वर दोन तासांत, आणि ७० वरून ४१ वर पुढच्या चार तासांत. एकूण सहा. बरेच जण नुसतं ‘सहा तास’ लक्षात ठेवतात आणि फसतात.

वीस लिटरचा राजम्याचा टोप घ्या. दुपारी तीनला तो १३५ वर आला. घड्याळ तिथून सुरू, गॅस बंद केला तिथून नव्हे. पाचला मोजला तर ८०. सहा तासांतले चार अजून बाकी आहेत, म्हणून ‘फ्रिजमध्ये ठेवून चालू द्या’ हा पर्याय बरोबर वाटतो. तो चूक आहे. पहिला टप्पा हुकला, म्हणजे राजमा १६५ पर्यंत पुन्हा तापवून नव्याने थंड करायचा, नाहीतर फेकायचा. आता उलटं बघा: तोच राजमा चारलाच ७० वर आला. मग ४१ वर यायला रात्री नऊपर्यंत मुदत, म्हणजे पाच तास, कारण पहिल्या टप्प्यात वाचलेला तास पुढे मिळतो. नऊला तो ४६ वर असेल तर फेकायचा. आता तापवून उपयोग नाही.

पहिले दोन तास एवढे कडक का, हे कळलं की पाठांतर लागत नाही. १२५ ते ७० या पट्ट्यात जंतू सर्वात झपाट्याने वाढतात. आणि शिजवल्याने काही जंतूंचे बीजाणू मरत नाहीत. भातातला बॅसिलस सेरियस त्यातलाच. त्याचं एक विष पुन्हा तापवल्यानेही जात नाही. म्हणून भाताचा टोप रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी परतला तरी तो सुरक्षित होत नाही. टोप थंड कसा करायचा, याचं उत्तर ‘वॉक-इनमध्ये ठेवा’ असं कधीच नसतं. दोन इंच खोलीच्या उथळ ट्रेमध्ये ओता, बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळा, किंवा बर्फ भरलेल्या पॅडलने ढवळा. घट्ट राजमा पातळ रश्शापेक्षा हळू निवतो. तुमच्याच किचनमध्ये एक टोप तीन वेळा मोजून आकडे मास्किंग टेपवर लिहा.

तिसऱ्या आठवड्यात आजारी कर्मचारी आणि अ‍ॅलर्जी. ‘रिस्ट्रिक्ट’ आणि ‘एक्स्क्लूड’ हे दोन शब्द नीट वेगळे करा. पहिल्यात माणूस कामावर येतो, पण अन्नापासून लांब राहतो. दुसऱ्यात आवारातच येत नाही. घसा दुखतोय आणि ताप आहे: रिस्ट्रिक्ट, पण ग्राहक वृद्ध किंवा रुग्ण असतील तर एक्स्क्लूड. उलटी किंवा जुलाब: एक्स्क्लूड, आणि लक्षणं थांबून २४ तास झाल्यावर परत. कावीळ दिसली तर एक्स्क्लूड आणि आरोग्य खात्याला कळवणं, दोन्ही. इथे ‘माणूस कमी आहे, भांडी घासायला लावतो’ ही सवय चुकीच्या पर्यायावर बोट ठेवते.

अ‍ॅलर्जीत नऊ घटक आहेत. जुन्या पुस्तकात आठच सापडतील, कारण तीळ १ जानेवारी २०२३ पासून त्यात आले. आपल्या किचनचे छुपे घटकही बघून ठेवा: बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, मखनी ग्रेव्हीत काजू, तडक्यात तूप म्हणजे दूध. जंतुनाशक पाण्याचा विषय छोटा आहे. टेस्ट स्ट्रिप वापरायची आणि क्लोरीन ५० ते १०० पीपीएम, एवढं पुरतं. जास्त ओतलं की जास्त चांगलं, हे इथे चूक धरतात.

चौथ्या आठवड्यात नवं काही वाचू नका. एक दिवसाआड घड्याळ लावून पूर्ण ९० प्रश्न सोडवा आणि चुकलेले पुन्हा त्याच तीन ढिगांत टाका. प्रश्नात ‘फर्स्ट’ असेल तर विचारताहेत आधी काय कराल ते. चारही पर्याय योग्य कृती असू शकतात. सरावात सलग तीनदा ८० टक्के आल्याशिवाय तारीख घेऊ नका. कारण पहिल्या नापासानंतर ३० दिवसांत दुसरी संधी मिळते, पण तीही हुकली तर तिसरीसाठी ६० दिवस थांबावं लागतं.