टायटिनचा ताण मोजताना या चुका टाळा

शिथिल स्नायू ताणला की तो विरोध करतो आणि त्या विरोधाचे श्रेय हल्ली सर्रास टायटिनला दिले जाते. झेड-चकतीपासून एम-रेषेपर्यंत, म्हणजे अर्ध्या सार्कोमियरभर पसरलेला हा एकच प्रथिन-रेणू स्प्रिंगसारखे काम करतो हे खरे. पण बलमापकावर दिसलेला सगळा ताण त्याचाच असतो असे मात्र नाही.

समजा, उंदराच्या हृदयस्नायूची बारीक जुडी ट्रायटनच्या द्रावणात ठेवून तिची पेशीपटले विरघळवली आणि सार्कोमियरची लांबी १.९ मायक्रोमीटरवरून २.२ मायक्रोमीटरवर नेली. ताणताक्षणी बल १४ एकक दिसते आणि लांबी तशीच धरून ठेवली की काही मिनिटांत १० वर स्थिरावते. पहिली चूक इथेच होते: शिखरावरचा आकडा टिपून घेतला जातो. त्यात चिकटपणामुळे आलेला, ताणण्याच्या वेगानुसार बदलणारा भाग मिसळलेला असतो, म्हणून बल स्थिरावेपर्यंत थांबावे.

आता उरलेले १० एकक तरी टायटिनचे आहेत का? हृदयस्नायूत कोलॅजनचे जाळेही ताण धरते आणि लांबी वाढेल तसा त्याचा वाटा वाढत जातो. तो वेगळा काढण्यासाठी जुडी आधी ०.६ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये आणि नंतर १ मोलर पोटॅशियम आयोडाइडमध्ये ठेवतात. त्यामुळे जाड आणि पातळ तंतुक विरघळतात, टायटिनचा आधार सुटतो आणि कोलॅजन मागे राहते. तेवढेच ताणून, तेवढाच वेळ थांबून ४ एकक मिळाले, तर टायटिनचा वाटा ६. शिखराच्या १४ मधून हे ४ वजा करणाऱ्याला १० मिळतील आणि ते साफ चुकीचे असतील. या प्रक्रियेनंतर सार्कोमियरचे आडवे पट्टे नाहीसे होतात, त्यामुळे सार्कोमियरची लांबी लेसरने पुन्हा मोजता येत नाही. ताण जुडीच्या लांबीवरूनच जुळवावा लागतो, म्हणून टोकांची पकड घसरलेली नाही याची खात्री आधीच करून घ्यावी.

वजाबाकी बरोबर येऊनही एक घोटाळा शिल्लक राहू शकतो. द्रावणात थोडे कॅल्शियम उरले किंवा एटीपी कमी पडले, तर मायोसिनचे पूल अ‍ॅक्टिनला जोडलेले राहतात आणि त्यांचा ताण टायटिनच्या खात्यात जमा होतो. मायोसिन रोखणारे बीडीएम घातल्यावर बल खाली आले, तर स्नायू पूर्ण शिथिल नव्हता असे समजावे.

शेवटी, बल आणि लांबीच्या आलेखाच्या एकाच उतारावरून ‘टायटिनचा ताठरपणा’ सांगू नये. थोड्या ताणात इम्युनोग्लोब्युलिन घटकांची ढिली माळ सरळ होते आणि बल फारसे वाढत नाही. त्यानंतर पीईव्हीके नावाचा भाग उलगडू लागतो आणि आलेख झपाट्याने चढतो. त्यामुळे २.० आणि २.२ मायक्रोमीटरवरचे उतार वेगळे येतात, आणि सार्कोमियरची लांबी न देता सांगितलेला ताठरपणा दुसऱ्या प्रयोगाशी ताडून पाहता येत नाही.