२७ चा दोन तृतीयांश घात: कॅल्क्युलेटर नसताना अपूर्णांकी आणि ऋण घातांक कसे सोडवायचे

२७ च्या डोक्यावर २/३ हा घातांक दिसला की नवीन मुलं काय करतात, ते आता मला वहीत न डोकावताही कळतं. २७ गुणिले २, भागिले ३, उत्तर १८. आणि प्रश्नपत्रिकेतल्या चार पर्यायांत १८ हमखास असतो, कारण पेपर काढणाऱ्यालाही ते माहीत असतं.

नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेसाठी आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं गणित दहावीला सुटलेलं असतं. नंतर कला शाखा, पदवी, आणि मग थेट अंकगणिताचा पेपर. शेकडेवारी, काळ-काम-वेग हे सगळं सरावाने परत येतं. घातांक मात्र नियम पाठ केल्यासारखे आठवतात आणि अपूर्णांक आला की अडतात. मी संध्याकाळी काही मुलामुलींना गणित शिकवते, त्यात हा भाग कसा घेते ते इथे सांगते. घातांक वर लिहिण्याऐवजी इथे ^ ही खूण वापरली आहे, म्हणजे २७^(२/३) असं.

आधी २७^(१/३) म्हणजे काय, ते पाहू. पाया तोच असेल तर गुणाकारात घातांकांची बेरीज होते, एवढं सगळ्यांना आठवतं. मग २७^(१/३) तीनदा घेऊन गुणा. घातांकांची बेरीज १/३ + १/३ + १/३ म्हणजे १, आणि उत्तर २७. म्हणजे ही अशी संख्या आहे, जी तीनदा गुणली की २७ होते. ती ३. थोडक्यात, घातांकाच्या छेदात ३ असला तर घनमूळ काढायचं. छेदात २ असला तर वर्गमूळ, ५ असला तर पाचवं मूळ. अंशातला आकडा मात्र साधा घातच असतो. म्हणून २७^(२/३) म्हणजे २७ च्या घनमुळाचा वर्ग. घनमूळ ३, त्याचा वर्ग ९.

आठवीच्या पुस्तकात हेच दोन प्रकारे वाचायला शिकवलेलं असतं: वर्गाचं घनमूळ किंवा घनमुळाचा वर्ग. दोन्हींचं उत्तर एकच येतं. २७ चा वर्ग ७२९, त्याचं घनमूळ ९. पण उत्तर सारखं असलं तरी कष्ट सारखे नसतात. २४३^(४/५) घ्या. आधी चौथा घात करायला गेलात तर ३४८६७८४४०१ अशी दहा अंकी संख्या हातात येते, आणि तिचं पाचवं मूळ कागदावर काढायचं म्हणजे तास गेला. आधी मूळ काढलं तर २४३ म्हणजे ३ चा पाचवा घात, म्हणून मूळ ३, आणि त्याचा चौथा घात ८१. म्हणून मी एकच सवय लावायला सांगते: आधी छेद, मग अंश. संख्या आधी लहान करायची, मगच वाढवायची.

यासाठी २४३ दिसल्यावर त्यात ३ चा पाचवा घात ओळखता यायला हवा. २ चे घात १०२४ पर्यंत, ३ चे ७२९ पर्यंत, ५ चे ६२५ पर्यंत आणि १ ते १२ चे घन तोंडपाठ असतील तर पेपरातली बहुतेक उदाहरणं तिथेच सुटतात. अप्पा बळवंत चौकात मिळणारे सूत्रांचे तक्ते भिंतीवर लावून फारसं काही होत नाही. स्वतः चार वेळा लिहून काढलेलं जास्त टिकतं. आणि पाठ नसलेली संख्या आली तरी घाबरायचं कारण नाही, मूळ अवयव पाडायचे. १७२८ घ्या. २ ने भागत गेलं की सहा वेळा भाग जातो आणि २७ उरतात, म्हणजे १७२८ = २^६ × ३^३. आता १७२८^(२/३) हवं असेल तर प्रत्येक घातांकाला २/३ ने गुणा: २^४ × ३^२, म्हणजे १६ × ९ = १४४. यात मूळ काढायची वेगळी पायरीही लागत नाही.

आता वजा चिन्ह. इथे मुलं दुसऱ्या सापळ्यात अडकतात. २७^(-२/३) चं उत्तर -९ लिहिलेलं मी दर बॅचला पाहते. घातांकातलं वजा चिन्ह उत्तराला ऋण करत नाही, ते संख्येचा व्यस्त घ्यायला सांगतं. का, ते एका ओळीत दिसतं: ३^२ म्हणजे ९, ३^१ म्हणजे ३, ३^० म्हणजे १. घातांक एकाने कमी झाला की दर वेळी ३ ने भाग जातो. तेच पुढे चालू ठेवलं तर ३^(-१) म्हणजे १/३ आणि ३^(-२) म्हणजे १/९. भागत भागत शून्याच्या खाली कधीच जाता येत नाही. म्हणून २७^(-२/३) = १/९.

परळीहून आलेली एक मुलगी मला म्हणाली, “ताई, मग उलटं आधी करायचं का शेवटी?” कधीही केलं तरी चालतं, पण पाया अपूर्णांक असेल तर आधी उलटं केलेलं बरं. (१६/८१)^(-३/४) घ्या. पाया उलटा केला की (८१/१६)^(३/४) होतं आणि वजा चिन्ह जातं. ८१ चं चौथं मूळ ३, १६ चं २. मग ३/२ चा घन, २७/८. वजा चिन्ह शेवटपर्यंत सोबत ठेवलं की ते कुठल्या तरी ओळीत गळून पडतं, हे वह्या तपासताना सारखं दिसतं.

परीक्षेत हेच दशांशाच्या आड लपवून देतात. एक उदाहरण पूर्ण करू:

(०.००८)^(-२/३) × ३२^(-०.४)

पहिला भाग आधी. ०.००८ म्हणजे ८/१०००. घातांक ऋण आहे, म्हणून उलटं: १०००/८, म्हणजे १२५. आता १२५^(२/३), घनमूळ ५, वर्ग २५. दुसऱ्या भागात घातांकच दशांशात आहे. ०.४ म्हणजे ४/१०, संक्षेप करून २/५. हा संक्षेप करायलाच हवा, नाहीतर पोरं दहावं मूळ शोधत बसतात. ३२ चं पाचवं मूळ २, वर्ग ४, आणि वजा चिन्हामुळे १/४. गुणाकार २५/४, म्हणजे ६.२५.

दशांश पायाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. घनमूळ सुटसुटीत यायचं असेल तर दशांश चिन्हानंतरच्या स्थळांची संख्या ३ च्या पटीत हवी, चौथ्या मुळासाठी ४ च्या. ०.००८ मध्ये तीन स्थळं आहेत, म्हणून घनमूळ ०.२. ०.०८ दिसायला तसंच, पण त्याचं घनमूळ ०.२ नाही, ०.४३ च्या आसपास आहे. एक शून्य कमी वाचलं की गाडी तिथेच घसरते.

उत्तर लिहिण्याआधी त्याचा आकार तपासायला दोन सेकंद लागतात. पाया १ पेक्षा मोठा आणि घातांक ० व १ च्या मधला, तर उत्तर १ आणि पाया यांच्या मध्ये येणार. २७ च्या बाबतीत ९ आणि १८ दोन्ही या चाळणीतून सुटतात, हे खरं. पण २/३ हा १/२ पेक्षा मोठा आहे, म्हणून उत्तर २७ च्या वर्गमुळापेक्षा, म्हणजे ५ पेक्षा जास्त हवं. तसंच उत्तराचा घन २७ च्या वर्गाइतका यायला हवा. १८ चा घन केला तर ५८३२ येतो, २७ चा वर्ग तर ७२९ च. इथे १८ बाद. घातांक ऋण आणि पाया १ पेक्षा मोठा असेल तर उत्तर १ पेक्षा लहान. पाया १ पेक्षा लहान असेल तर उलट, म्हणूनच ०.००८ मधून २५ निघाले. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात असतील तर चारपैकी दोन पर्याय या तपासणीनेच उडतात.

पायाच ऋण असेल तर मात्र सावकाश चालावं लागतं. -२७^(२/३) यात घातांक फक्त २७ ला लागतो, वजा चिन्ह बाहेर आहे, उत्तर -९. (-२७)^(२/३) यात कंस आहे. घनमूळ -३, वर्ग ९. (-१६)^(१/२) ला तर वास्तव संख्यांत उत्तरच नाही, कारण कुठल्याच वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो. आणि ऋण पायाला घातांकाचे नियम डोळे झाकून लावले तर गंमत होते. (-८)^(१/३) म्हणजे -२. पण १/३ ला २/६ लिहिलं, आधी वर्ग केला, ६४ आले, त्याचं सहावं मूळ काढलं, तर येतं २. एकाच घातांकाची दोन उत्तरं. म्हणून अपूर्णांकी घातांकाचे नियम धन पायासाठीच दिलेले असतात, आणि ऋण पाया आलाच तर घातांकाला आधी संक्षिप्त रूप द्यायचं, मग छेद विषम आहे की सम ते पाहायचं.

शेवटी, प्रत्येक संख्या अशी गुमान सुटत नाही. ५४^(२/३) मध्ये ५४ = २७ × २, म्हणून २७ मधून ९ बाहेर येतात आणि आत २^(२/३), म्हणजे ४ चं घनमूळ, उरतं. उत्तर ९∛४, आणि ते तसंच लिहायचं. पर्याय दशांशात असतील तर अंदाज करता येतो. २०^(२/३) म्हणजे ४०० चं घनमूळ. ७ चा घन ३४३, ८ चा ५१२, म्हणजे उत्तर ७ आणि ८ च्या मध्ये, ७ च्या बाजूला. ७.५ चा घन ४२१.८७५ येतो, म्हणून त्याहून थोडं कमी. पर्यायांत ७.३७ आणि ७.८१ असतील तर ७.३७ निवडा आणि पुढच्या प्रश्नाला जा.