जे-कट केला, तरी आवाजाची उडी ऐकू येतेच

जे-कटमध्ये पुढच्या शॉटचा आवाज चित्राच्या आधी येतो आणि एल-कटमध्ये मागच्या शॉटचा आवाज पुढच्या चित्रावर रेंगाळतो, एवढं तुम्हाला माहीत असणारच. मी अडकले ती त्याच्या पुढच्या पायरीवर. संवाद तुटक वाटतोय म्हणून मी दिसेल त्या कटवर जे-कट घालत सुटले आणि प्रसंग आधीपेक्षा जास्त तुटक झाला. कारण कळायला बरेच दिवस गेले, म्हणून त्याबद्दल जरा जास्तच लिहिणार आहे. कंटाळा आला तरी वाचा.

सरळ कटमध्ये चित्र आणि आवाज एकाच फ्रेमला बदलतात. मागची गाड्यांची घरघर त्याच क्षणी कमी-जास्त झाली तरी डोळ्यांसमोर कॅमेऱ्याची बाजूही बदललेली असते, त्यामुळे प्रेक्षक ते बऱ्यापैकी पचवतो. जे-कट केला की हा आडोसा जातो. पडद्यावर अजून तोच चेहरा, तीच भिंत, आणि मागची घरघर मात्र अचानक बदलली. आता ती लपायला जागाच नाही. म्हणजे जे-कट आणि एल-कट आवाजाचा सांधा मिटवत नाहीत, ते फक्त चित्राचा सांधा त्याच्यापासून लांब नेतात. आवाजाचा सांधा वेगळा बुजवावा लागतो. ऑनलाइन शिकवण्यांमध्ये हे क्वचितच कळतं, कारण तिथले नमुने शांत स्टुडिओत चित्रित केलेले असतात आणि दोन्ही क्लिप मुळातच सारख्या ऐकू येतात.

मालिकांचं एडिटिंग करून आलेल्यांना तर हे सगळं उगाच वाटतं. तिथे एकाच वेळी दोन-तीन कॅमेरे चालतात आणि दोघाही कलाकारांच्या अंगावर लेपल माइक असतो. सगळं एकाच टेकमधलं, त्यामुळे चित्र कुठेही सरकवा, खालचा आवाज अखंडच राहतो. एका कॅमेऱ्यावर, सिंक साउंडने म्हणजे सेटवरच रेकॉर्ड केलेल्या आवाजाने केलेल्या शॉर्ट फिल्मचं गणित वेगळं असतं.

एक प्रसंग घेऊ. जुन्या चाळीतली खोली, बहीण-भाऊ बोलतायत.

मीरा: दादा, तू घर विकायला काढलंस आणि मला ते शेजारच्या काकूंकडून कळतंय.
दादा: तुला सांगणार होतो गं.
मीरा: कधी? सह्या झाल्यावर?

मीराचा क्लोज संध्याकाळी घेतलाय. ती गॅलरीकडे पाठ करून बसलीय, बूम माइकचं तोंड तिच्याकडे म्हणजे पर्यायाने रस्त्याकडे आहे, त्यामुळे तिच्या प्रत्येक शब्दामागे रहदारी आहे. दादाचा क्लोज रात्री उशिरा झाला. बूम आतल्या भिंतीकडे, मागे जवळजवळ शांतता.

पहिलं काम चित्राकडे न बघता करा. तिन्ही वाक्यं सरळ कटने लावा, डोळे मिटून ऐका आणि फक्त बोलण्याची लय बसवा. मीराचं वाक्य संपल्यावर दादा किती थांबतो, ‘गं’वर ‘कधी’ किती लगेच आदळतं, हे सगळं आवाजातच ठरू द्या. बरेच नवे लोक पुढच्या वाक्याचा आवाज हाताने डावीकडे ओढतात आणि त्याला जे-कट म्हणतात. त्याने मधला थांबा खाल्ला जातो, वाक्यं एकमेकांवर चढतात आणि कधीकधी ओठांचं सिंकही जातं. लय बसली की आवाज जागचा हलवायचा नाही, फक्त चित्राचा कट रोल करायचा. प्रीमियरमध्ये `N` दाबून रोलिंग टूल घ्या आणि `Alt` धरून (मॅकवर `Option`) फक्त व्हिडिओचा कट पकडा. एका बाजूचं चित्र जितकं वाढतं तितकंच दुसऱ्या बाजूचं कमी होतं, आणि खालचा आवाज तसाच राहतो.

आता चित्र कुठे सरकवायचं ते बघू. मीराच्या पहिल्या वाक्यात खरी बातमी दादाच्या चेहऱ्यावर आहे. म्हणून ‘काकूंकडून’च्या थोडं आधी दादावर जायचं आणि मीराचं उरलेलं वाक्य त्याच्या चेहऱ्यावर ऐकवायचं. हा एल-कट. दुसऱ्या ठिकाणी ‘कधी?’ अजून दादावरच असताना ऐकू येऊ द्यायचं आणि ‘सह्या’च्या तोंडावर मीराकडे जायचं. हा जे-कट. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर ‘कधी’ एवढा शब्द आठ-दहा फ्रेमचा, म्हणजे अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी. एवढं पुरतं. दीड-दोन सेकंद दुसऱ्याचा आवाज आधी आणला, तर तो निवेदनासारखा वाटायला लागतो.

इथे दोन गोष्टी हमखास नडतात. दादाच्या टेकमध्ये मीरा कॅमेऱ्यामागून क्यू देत होती, म्हणजे त्या क्लिपमध्येही तिचं वाक्य आहे, लांबून आलेलं आणि पोकळ. दादाचं चित्र वाढवताना त्याखालचा तो आवाज चुकून चालू राहिला, तर मीरा दोनदा ऐकू येते, विहिरीत बोलल्यासारखी. तो तुकडा काढून टाका. दुसरं म्हणजे, क्यू देताना मीराने वाक्य वेगळ्या वेगाने म्हटलेलं असतं, आणि दादाने नजर खाली टाकली ती त्या वेगाप्रमाणे. तुमच्या टाइमलाइनवर मग ती नजर ‘काकूं’च्या आधीच पडते, जणू त्याला संवाद पाठ आहे. अशा वेळी दादाचं फक्त चित्र स्लिप करा, म्हणजे कट जागेवर ठेवून आतलं चित्र मागेपुढे सरकवा, आणि नजर नेमक्या शब्दावर आणा. त्याचे ओठ हलत नसतील तोपर्यंत हे बिनधास्त करता येतं.

चित्र बसलं. आता प्रसंग चालवून ऐका. मीरा बोलते, मागे रहदारी आहे. तिचं वाक्य दादाच्या चेहऱ्यावर संपतं आणि त्याच फ्रेमला रहदारी नाहीशी होते, जणू कोणी खिडकी बंद केली. दादा शांततेत बोलतो. मग ‘कधी’च्या आधी रहदारी धप्पकन परत येते. सरळ कटमध्ये या उड्या तितक्या टोचल्या नव्हत्या. आता दोन्ही दादाच्या स्थिर चेहऱ्यावर घडतायत.

इथे प्रत्येक जण नॉइज रिडक्शनकडे धावतो. माझं स्पष्ट मत आहे की ते शेवटी, आणि थोडंच करावं. मीराच्या आवाजातली रहदारी खरवडून काढायला गेलात, तर तिचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि दादाशी तरीही जुळत नाही. गोंगाट काढणं अवघड, घालणं सोपं. म्हणून जी बाजू जास्त गोंगाटाची, तिचा रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसतानाचा मागचा आवाज, शांत बाजूखाली अखंड चालवायचा.

मीराच्या टेकमधली, कोणी बोलत नसतानाची रहदारी शोधा. ‘ॲक्शन’ आणि पहिल्या शब्दाच्या मध्ये किंवा शेवटच्या शब्दानंतर ‘कट’ म्हणेपर्यंत दोन-तीन सेकंद सापडतात. ठळक हॉर्न किंवा शिट्टी असलेला तुकडा नको, कारण तो पुन्हा लावला की तोच हॉर्न ठरावीक अंतराने वाजत राहतो आणि लगेच पकडला जातो. वेगवेगळ्या टेकमधले तीन-चार तुकडे घ्या, एकमेकांवर थोडे चढवून जोडा आणि वेगळ्या ट्रॅकवर दादाच्या सगळ्या भागाखाली पसरा.

मग मीरा एका ट्रॅकवर आणि दादा दुसऱ्यावर अशी वाटणी करा. प्रत्येक क्लिपची टोकं वाक्याच्या थोडी पलीकडे वाढवा आणि तिथे फेड द्या. यात मला सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती अशी: नवा गोंगाट शांततेत आत आणायचा नाही, कोणाच्या तरी बोलण्याखाली आणायचा. मीराची ‘कधी’ची क्लिप दादाच्या ‘होतो गं’खाली हळूहळू वर आली, तर दादाचा आवाजच तिला झाकतो, आणि ‘कधी’ येईपर्यंत रहदारी आधीपासून तिथे असते. तसंच, संपणारा गोंगाट पुढच्याच्या शब्दांखाली मावळू द्या. फक्त वाढवलेल्या टोकांत काय दडलंय ते ऐकून घ्या. मीराच्या क्लिपच्या त्या भागात दादाने दिलेला क्यू असतो, दोन शब्दांमधला उसासा असतो, कधी दिग्दर्शकाचं ‘हं’ असतं. असं काही असेल, तर क्लिप वाढवण्याऐवजी त्या जागी रूम टोनच वापरा.

तपासायला हेडफोन लागतोच. लॅपटॉपच्या स्पीकरवर यातलं निम्मं ऐकू येत नाही आणि एडिटर खूश होऊन झोपतो. चित्र बंद करून ऐका: शब्दांमधल्या जागेत कट कुठे आहेत ते बोट ठेवून सांगता आलं, तर काम बाकी आहे. मग आवाज बंद करून चित्र पाहा: नजरा योग्य वेळी हलतायत का, हे तेव्हाच दिसतं. एखाद्या जागी उडी राहिलीच, तर घाबरू नका. बऱ्याचदा चार-सहा फ्रेमचा फेड एवढाच इलाज असतो.

सगळीकडे असे कट घालायचे का? नाही. काही सीनियर सांगतात की सरळ कट म्हणजे कच्चं काम. मला ते पटत नाही. प्रत्येक वाक्य आधी कानावर आणि मग डोळ्यांवर यायला लागलं, की त्याचाही ठेका बनतो आणि प्रेक्षकाला तो कळतो. जिथे उत्तराआधी चेहरा बघायला मिळणं महत्त्वाचं आहे, तिथे जे-कट उत्तर फोडून टाकतो. समजा पुढे मीरा विचारते, ‘आईला माहितीये?’ आणि दादा म्हणतो, ‘तिनेच सही केली.’ तिथे आधी दादावर जा, त्याला गप्प राहू द्या, मग बोलू द्या. आणि टेकमध्येच दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलले असतील, तर तुमच्या हातात काहीच नाही. ते आवाज सुटे होत नाहीत आणि कट तिथे सरकवता येत नाही. क्लोज घेताना कलाकारांना एकमेकांचं वाक्य पूर्ण संपू द्यायला सांगा. वाक्यं एकमेकांवर चढवायची असतील, तर ती नंतर टेबलावर चढवता येतात.

फिल्म पुढे साउंड एडिटरकडे जाणार असेल, तर नॉइज रिडक्शन अजिबात लावू नका. माणसागणिक वेगळे ट्रॅक ठेवा आणि एएएफ, म्हणजे टाइमलाइन साउंडच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची फाइल, काढताना प्रत्येक क्लिपला दोन-तीन सेकंदांचे हँडल, म्हणजे कटच्या पलीकडचा जादा आवाज, द्या. तुमचे फेड तो बहुतेक मोडून पुन्हा करेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. सेटवर जाता येत असेल, तर प्रत्येक बाजूचं लायटिंग मोडण्याआधी बूम जागेवर ठेवून तीस सेकंद रूम टोन मागा. असिस्टंट डिरेक्टर घड्याळ दाखवेल, लाइटवाले स्टँड सरकवायला लागलेले असतील. तरी मागा, आणि तेवढा वेळ कोणाला हलू देऊ नका.